मेंढीकोट: कट हुकुमात न बोलता टाकलेलं पान हुकूम होतं का?

अबोली_कोथरूड

पाडव्याच्या रात्री जेवणं झाल्यावर पत्त्यांचा डाव बसला. मी आणि नणंदबाई भिडू, समोर माझा नवरा आणि मोठे दीर. माझं माहेर पुण्यातलंच, नारायण पेठेतलं. सासरचे मूळचे सांगलीचे. मेंढीकोट दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळतात, म्हणून नियम आधी बोलून घ्यावेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "कट हुकूम खेळायचा" एवढंच ठरलं.

पहिले दोन हात इस्पिकचे गेले. त्यात मेंढी पडली नाही, हुकूमही झाला नाही. तिसऱ्या हाताला ताईंनी चौकटच्या एक्क्याची उतारी केली, त्यांच्या उजवीकडच्या भाऊजींनी चौकट नव्वी टाकली आणि पाळी माझ्यावर आली. माझ्याकडे चौकट एकही नाही. हातातली अकरा पानं अशी होती: बदाम राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी, तिर्री, किलवर नव्वी, छक्की, तिर्री, दुर्री, इस्पिक गुलाम आणि पंजी. हात ताईंच्या एक्क्याचाच होणार, म्हणून मी किलवरची दुर्री फालतू पान म्हणून टाकली. बदाम लांब होता, तो पुढे हुकूम करायचा असं मनात होतं.

नवऱ्यानं चौकट सत्ती टाकली आणि भाऊजी लगेच म्हणाले, "झालं, किलवर हुकूम. वहिनी, हात तुमचा." मी म्हटलं, मी हुकूम बोललेच नाही! माहेरी आम्ही कापायचं असेल तरच "हुकूम" असं मोठ्यानं म्हणतो. न बोलता टाकलं तर ते नुसतं जळालेलं पान. भाऊजींचं म्हणणं, रंग नसताना पहिलं जे पान पडेल तोच हुकूम, बोलायचा प्रश्न येतोच कुठे? त्यांच्याकडे किलवरचा एक्का, राजा, गुलाम असं सगळंच होतं. तीन मेंढ्या त्यांच्याकडे गेल्या, डाव गेला. भांडण झालं नाही, पण ती रुखरुख अजून आहे. यातला बरोबर नियम कुठला?

पेठेतला

कट हुकूम हा लहान मुलांना शिकवायला काढलेला सोपा प्रकार आहे. खरा मेंढीकोट म्हणजे बंद हुकूम. वाटणाऱ्याच्या उजवीकडचा भिडू हातातलं एक पान निवडतो आणि पालथं ठेवतो. ज्याला रंग नसेल त्यानं आपल्या पाळीला विचारायचं, की हुकूम उघडायचा. मग हा वाद उद्भवतच नाही. तुमच्या सासरच्यांना बंद हुकूम शिकवा.

माळव्याची_मंजू

मला प्रश्नच नीट कळला नाही. किलवर हुकूम कसा असेल? हुकूम तर इस्पिकच ना? आमच्या इंदूरला "हुकुमाचा एक्का" म्हटलं की काळा एक्का, लहानपणापासून हेच ऐकलंय.

किलवरराणी

मंजूताई, हिंदीत इस्पिकला हुकुम म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो. मराठीत खेळताना हुकूम म्हणजे त्या डावापुरता कापणारा रंग, चारांपैकी कुठलाही. माझी जाऊ जबलपूरची. पहिल्या वर्षी आम्ही "हुकूम टाका" म्हटलं की ती इस्पिकच टाकायची. आता आमच्या घरात काळ्याला इस्पिकच म्हणायचं असं ठरलंय.

माळव्याची_मंजू

अच्छा! म्हणजे मागच्या वर्षी पुण्याला चुलत भावाकडे मी दोन डाव घालवले ते यामुळे. सगळे माझ्याकडे का बघतायत ते तेव्हा कळलं नव्हतं.

जुना_पासधारक

अबोलीताई, दोन्ही नियम खेळले जातात, आणि दोन्ही मी वर्षानुवर्षं खेळलोय. पंचवीस वर्षं डेक्कन क्वीननं पुणे-मुंबई केलं. आमच्या चौकडीत एक साताऱ्याचे, एक नगरचे, एक बडोद्यात वाढलेले आणि मी शनिवार पेठेतला. गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी, वर पेपर, त्यावर डाव. चौघांचे चार नियम होते, म्हणून आमचा रिवाजच होता: गाडी शिवाजीनगर सोडायच्या आत नियम ठरले पाहिजेत. ठरले नाहीत तर त्या दिवशी पत्ते निघायचे नाहीत.

भाऊजी सांगतात तो नियम मी जास्त ठिकाणी पाहिलाय. रंग नसताना पडलेलं पहिलं पान तोच हुकूम, भिडूचा हात असो वा नसो. तुमच्या माहेरचा "बोलून हुकूम" पेठांमधल्या काही घरांत आहे, आमच्या मामांकडेही होता. चूक कुणाचीच नाही. पण या दोन नियमांनी खेळ वेगळा होतो, आणि तो फरक कळला तर तुमची रुखरुख कमी होईल.

पान बोलतं त्या नियमात हुकूम ठरवणं हा हक्क आहे तसं ओझंही आहे. तुमची पाळी आली, रंग नाही, मग तुम्हाला हुकूम करावाच लागतो. पानं कितीही वाईट असली तरी सुटका नाही. बोलून हुकुमात तुम्ही गप्प बसू शकता, पण गप्प बसलात की हक्क मोकळा सुटतो. पुढच्याच हाताला समोरच्याला रंग नसेल तर तो आपल्या सोयीचा हुकूम बोलेल. म्हणजे तुम्ही दुर्री टाकून बदाम राखून ठेवला असं तुम्हाला वाटलं, तरी त्या नियमातही बदाम तुमचा राहिला असताच असं नाही.

आता तुमच्या पानांकडे बघू. माझ्या मते दोन्ही नियमांत तिथे एकच पान होतं, बदामची दश्शी. कारण सांगतो. ताईंचा एक्का पडलेला, त्यावर चौकटचं पान चढूच शकत नाही. तुमच्यानंतर फक्त तुमचे यजमान उरले. तुमच्याकडे चौकट एकही नाही म्हणजे तेराच्या तेरा चौकट उरलेल्या तिघांत, सरासरी माणशी चाराहून जास्त. यजमानांकडेही एकही नसावी असं हजार डावांत एखाद-दुसऱ्या वेळी होईल. म्हणजे दश्शी टाकली की मेंढी घरात आली. भाऊजींच्या नियमानं बदाम हुकूम झाला असता, हात दश्शीनं तुमचा झाला असता आणि हातात आणखी चार हुकूम उरले असते. माहेरच्या नियमानं गप्प राहून टाकली असती तरी ती ताईंच्या एक्क्याच्या हातात घरी आली असती.

अबोली_कोथरूड

हे मनाला पटतंय, पण एक शंका आहे. मेंढी इतक्या लवकर सोडायची का? आमची आजी म्हणायची, आपल्या हातातली दश्शी शेवटपर्यंत सांभाळायची. बदाम हुकूम करायचाच होता तर मी तिर्री टाकून केला असता आणि दश्शी नंतर काढली असती.

जुना_पासधारक

तिर्रीनंही हुकूम झाला असता, आणि दुर्रीपेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण बदामात तुमच्या दश्शीच्या वर कोण बाहेर आहे ते मोजा: एक्का, राजा, गुलाम. राणी तुमच्याकडे आहे. म्हणजे तीन पानं तुमच्या मेंढीवर टपलेली, आणि ती कुणाकडे आहेत ते माहीत नाही. समोरचे हुकूम खेळायला लागले की तुमची लहान पानं एकेक करून जातात आणि शेवटी दश्शी उघडी पडते. आजींचा सल्ला दश्शी धोक्यात टाकू नका यासाठी होता. इथे धोका नव्हता. एक्का पडलेला, समोरचा एकच माणूस बाकी आणि त्याच्याकडे रंग असणार हे जवळजवळ नक्की. मेंढी घरी न्यायची वेळ तीच.

पेठेतले साहेब, कट हुकूम लहान मुलांसाठी हे मला मान्य नाही. बडोद्याचे आमचे मित्र सांगायचे की त्यांच्याकडे मोठी माणसं दोन्ही प्रकार खेळतात. बंद हुकुमात हा वाद नसतो हे खरं, पण त्याचे स्वतःचे वाद असतात. विचारून हुकूम उघडला, मग विचारणाऱ्यानं हुकूम मारलाच पाहिजे का? तुमच्याकडे काय करतात?

पेठेतला

मारलाच पाहिजे असं काही नाही. उघडायला लावला, पाहिला, मग मनाला येईल ते पान टाकायचं.

जुना_पासधारक

आमच्या डब्यात उलट होतं. विचारलंस तर हातात हुकूम असेल तो टाकायचाच. नसेल तरच दुसरं पान. याला कारण आहे. मोकळं सोडलं तर रंग संपलेला प्रत्येक जण नुसतं बघायला हुकूम उघडतो आणि झाकून ठेवण्यात काही अर्थ राहत नाही. विचारण्याची किंमत असली की माणूस विचारण्याआधी मोजतो: भिडूचा हात चाललाय, मग आत्ता उघडू की थांबू? पण तुमच्या पद्धतीनं खेळणारी घरंही मी पाहिली आहेत.

किलवरराणी

बंद हुकुमातला आमचा एक वाद अजून मिटलेला नाही, सांगू का? उतारी बदामाची. दुसऱ्याकडे बदाम नाही, पण त्यानं हुकूम न विचारता इस्पिक नव्वी टाकली. तिसऱ्यानं बदाम दिला. चौथ्याकडेही बदाम नाही, त्यानं हुकूम उघडायला लावला आणि निघालं इस्पिक! आता ती आधी पडलेली नव्वी हुकूम धरायची की नाही? चौथ्याकडे इस्पिकची पंजीच होती. सासूबाई म्हणतात, हुकूम उघडल्यानंतर पडलेलं पानच कापतं, म्हणून पंजीचा हात. सासरे म्हणतात, रंग एकच, हातही एकच, म्हणून नव्वी मोठी.

पेठेतला

सासूबाई बरोबर. उघडेपर्यंत ते पान हुकूम नव्हतंच.

जुना_पासधारक

मीही सासूबाईंच्या बाजूचा आहे, पण आमच्या साताऱ्याच्या मित्राचं मत तुमच्या सासऱ्यांसारखं होतं आणि त्यालाही तर्क होता. हुकूम डावाच्या सुरुवातीपासून तोच आहे, फक्त झाकलेला आहे, असं तो म्हणायचा. आम्ही शेवटी नाणेफेक करून ठरवलं होतं.

सांगलीकर_७७

मी सांगलीचा, त्यामुळे अबोलीताईंच्या सासरच्यांची बाजू मांडतो. आमच्याकडे पान पडलं की हुकूम, तोंडातून शब्द काढायचाच नाही. कारण "हुकूम" कसं म्हणतो यावरून भिडूला सगळं कळतं. कुणी ठासून म्हणतो, कुणी हळूच म्हणतो, कुणी न म्हणता अर्धवट हसतो. माझे काका तर फक्त घसा साफ करायचे आणि काकूला कळायचं की बदाम लांब आहे. न बोलण्याचा नियम आला तो हे थांबवायला, असं आमच्या वडिलांनी सांगितलं होतं.

पण या नियमातही एक मोठा खड्डा आहे आणि त्यात आम्ही गेल्या मे महिन्यात पडलो. माझ्या भाच्यानं चौकटच्या हातावर किलवर टाकलं, हुकूम किलवर झाला. तीन हात गेले. मग त्याच्याच हातातून चौकटची चौकी निघाली, दोन पानं चिकटली होती. म्हणजे रंग असताना त्यानं दुसरं पान टाकलं होतं आणि त्या खोट्या पानावर अख्खा हुकूम उभा! आता काय करायचं? आम्ही डाव मोडून पुन्हा वाटला. समोरच्या जोडीकडे दोन मेंढ्या आल्या होत्या, त्यांना फार वाईट वाटलं.

जुना_पासधारक

तो त्यांच्यावर अन्यायच झाला, कारण चूक एका बाजूची आणि नुकसान दुसऱ्या बाजूचं. आमचा नियम होता: पुढची उतारी व्हायच्या आत लक्षात आलं तर पान परत घ्यायचं, योग्य रंग द्यायचा, हुकूम झालेलाच नाही असं समजायचं. पुढची उतारी झाली की माफी नाही, चुकणाऱ्या जोडीचा डाव गेला. मुलांसोबत खेळताना एवढं कडक नको, पण मोठ्यांत हेच ठीक.

आणि पुरावा राहायला हवा. बरीच मंडळी जिंकलेले हात एकाच ढिगात टाकतात, मग कुणी कधी काय टाकलं ते उलगडत नाही. चार पानांचा एक हात उभा, पुढचा त्यावर आडवा, असे रचायचे. हात मोजायलाही तेच सोपं, आणि दोन-दोन मेंढ्या झाल्या की मोजावे लागतातच. सगळ्यांनी पानं टाकून झाल्यावर हुकूम ज्या हातात झाला तो हात शेवटपर्यंत उताणा ठेवायचा, म्हणजे हुकूम कुठल्या रंगाचा हेही कुणी विसरत नाही आणि कुणाला रंग नव्हता तेही दिसतं.

अबोली_कोथरूड

दोन-दोन मेंढ्यांचं आमच्या दोन्ही घरांत एकच आहे, सात हात ज्याचे त्याचा डाव. तेवढं तरी जुळलं.

बदामसात_प्रेमी

आमच्याकडे बदाम सातमध्ये असाच वाद आहे. खेळता येण्यासारखं पान असताना पास म्हणता येतं का? मी म्हणते, येत नाही. माझा भाऊ सत्त्या दाबून बसतो आणि दुसऱ्यांची पानं अडवतो. कुणी सांगेल का?

किलवरराणी

त्यावर वेगळा धागा काढा, तोही मोठा होईल. आमच्याकडे पान असेल तर टाकावंच लागतं, नाहीतर शेवटी हातातल्या पानांचे गुण दुप्पट धरतो.

सहाजण_आम्ही

मी उशिरा आलो. आम्ही चिंचवडचे, घरात सहा माणसं. चौघं खेळतात आणि दोघं बघत बसतात हे आईला आवडत नाही. म्हणून चारही दुर्र्या काढून टाकतो, अठ्ठेचाळीस पानं राहतात, माणशी आठ. तीन-तीनांच्या जोड्या, एकाआड एक बसायचं, बाकी सगळं कट हुकुमासारखं. पण हात आठच होतात. दोन-दोन मेंढ्या आणि चार-चार हात असं झालं की डाव कुणाचा? चौघांच्या खेळात तेरा हात असल्यामुळे बरोबरी होतच नाही, म्हणून हे कुणी विचारातच घेतलेलं नसावं.

सांगलीकर_७७

आम्ही सहाजणांत खेळलोय. बरोबरी झाली की डाव वाया आणि तोच माणूस पुन्हा वाटतो.

पेठेतला

शेवटचा हात ज्याचा त्याचा डाव. सोपं आहे.

सहाजण_आम्ही

शेवटच्या हाताचं करून पाहिलं होतं. मग सगळे एक मोठा हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवतात आणि मधल्या हातांत मेंढ्या स्वस्तात जातात. आमच्या बहिणीचं म्हणणं, पहिली मेंढी ज्यांनी घेतली त्यांचा डाव. त्यावरही एकमत नाही.

जुना_पासधारक

सहाजणांचा खेळ मी डब्यात कधी खेळलो नाही, ब्रीफकेसवर जागाच नसायची. पण बहिणीचा नियम विचार करण्यासारखा आहे. त्यामुळे पहिल्या मेंढीवर लगेच झडप घालायला कारण मिळतं. मात्र ज्याच्या हातात सुरुवातीलाच एक्का आणि दश्शी एकाच रंगाची आली, त्याला तो फुकटचा फायदा. दहा-बारा डाव खेळून कळवाल का?

अबोली_कोथरूड

काल रविवारी पुन्हा बसलो होतो. मी हा धागा भाऊजींना वाचायला दिला. त्यांनी आधी दश्शीचा मुद्दा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही दश्शी टाकली असती तर आम्ही तो डाव हरलो असतो." मग कागदावर लिहून काढलं. हुकूम पान पडल्यावर होणार, बोलायचं नाही. हुकूम झालेला हात उताणा राहणार. रंग चुकला तर पुढच्या उतारीच्या आत दुरुस्ती, नंतर डाव गेला. कागद पत्त्यांच्या डब्यातच ठेवलाय. माहेरी मात्र भाऊबीजेचा डाव बोलूनच झाला, आईनं ऐकलं नाही.

एक गोष्ट राहिली. चारही मेंढ्या एका जोडीकडे गेल्या की कोट, हे दोन्हीकडे सारखं. पण काल आमच्याकडे चार मेंढ्या आणि तेराच्या तेरा हात आले. ताई म्हणाल्या, हा बावनपानी कोट, याचे दोन कोट धरायचे. भाऊजी म्हणतात, कोट तो कोट, एकच. हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. तुमच्याकडे किती धरतात?

सांगलीकर_७७

आमच्याकडे दोन. भाऊजींना सांगा, सांगलीतही दोनच.